आधी पोटोबा, मग… : एका बालबचत मोहिमेच्या नोंदी

५ मे २०२५

सातारा जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेचं काम आलं आहे. लहान मुलांचं बचत खातं, मोहीम १ जुलैपासून. तारखेला कारण आहे. अल्पवयीन मुलांच्या खात्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २१ एप्रिलला सुधारित सूचना काढल्या आणि आपापले नियम त्याप्रमाणे करून घ्यायला बँकांना १ जुलैपर्यंतची मुदत दिली. दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या सहीनं खातं उघडू शकतं आणि चालवू शकतं. किती रकमेपर्यंत, ते बँकेनं ठरवायचं. दहाच्या आतल्या मुलासाठी पालक सही करतो, आणि पालक म्हणून आईही चालते. मोठ्या मुलांना ही मुभा २०१४ पासून होतीच, पण बऱ्याच शाखांत कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. बँकेला आता ते सांगायचं आहे.

व्यवस्थापक साहेबांची एकच अट: घोषवाक्य म्हणीवर बेतलेलं हवं. त्यांनी स्वतःच एक आणलंही होतं, ‘थेंबे थेंबे खाते साचे’.

मी लगेच नाही म्हटलं नाही, वहीत लिहून घेतलं. पण हे चालणार नाही. ‘थेंबे थेंबे’ कानावर पडलं की पुढचं वाक्य ऐकणारा मनातच पुरं करतो आणि आपण बदललेला शब्द त्याच्यापर्यंत पोचायच्या आत त्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. पतसंस्थेच्या कॅलेंडरपासून शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारापर्यंत ही म्हण इतकी वापरली गेली आहे की ती आता कोणी ऐकतच नाही. म्हण मोडायची ती अशी, की कान एकदा अडखळला पाहिजे आणि लगेच सावरलाही पाहिजे. इथे तो अडखळतच नाही.

८ मे

म्हणी काढून बसले. पैसा, काटकसर, लहानपण यांच्या आसपासच्या जेवढ्या आठवल्या तेवढ्या.

‘लहान तोंडी मोठा घास’वरून ‘लहान हाती मोठं खातं’. कागदावर झकास दिसतं आणि डिझायनरला फारच आवडलं. पण ही म्हण मुलांनी कुठे ऐकलेली असते? मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घातल्यावर, डोळे वटारून. शब्द बदलले तरी त्या दटावणीचा सूर जात नाही. मुलाला आपण खातं देतोय की त्याची जागा दाखवतोय, असा प्रश्न उरतो.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ मुलांना सांगणं मला पटत नाही. पाय वाढायच्या वयात अंथरूण कसलं दाखवायचं?

‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ हिच्यावर बराच वेळ अडले, कारण हिच्यात चित्र आहे आणि उधळपट्टीची थट्टाही आहे. पण पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. आज दहा वर्षांचं असलेलं मूल त्यानंतर जन्मलेलं. त्याला ‘आणा’ समजावून सांगेपर्यंत पोस्टरसमोरून रिक्षा निघून जाईल.

उरली ‘आधी पोटोबा, मग विठोबा’. हिच्यात आधी आणि मग असा क्रम आहे, आणि बचतीची सगळी शिकवण त्या क्रमातच असते. उरलं तर साठवू म्हणणाऱ्याचं कधी उरत नाही. शिवाय म्हणीचा सांगाडा ‘आधी… मग…’ या दोन शब्दांवर उभा आहे. ते दोन आणि शेवटचे ‘ओबा’ ठेवले तर आत काहीही घाला, म्हण ओळखू येते. तिसरी गोष्ट, ही म्हण मुळातच थट्टेखोर आहे. पोटाला देवाच्या पंगतीत बसवणारी म्हण आपण थोडी आणखी वाकवली तर तिला राग येणार नाही.

९ मे

पहिला खर्डा: ‘आधी साठोबा, मग पोटोबा’.

पोटोबा पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकला, एवढ्यानंच गंमत येते. दिवसभर खूश होते. संध्याकाळी शेजारच्या काकूंना ऐकवलं. त्या अंगणवाडीत होत्या, आता निवृत्त आहेत. हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे पोरांनी उपाशी राहून पैसे टाकायचे का गं तुमच्या बँकेत?”

पोटोबा म्हणजे पोट. भूक. मोठ्या माणसाला तो विनोद वाटतो, पण जिथली मुलं शाळेतल्या खिचडीवर दुपार काढतात तिथे बँकेनं ‘पोट नंतर’ असं भिंतीवर लिहिणं वाईट दिसेल. पोटोबा गेला. त्याच्या जागी जे हवं ते मराठीत आयतंच आहे. मुलांच्या हातातल्या पैशाला आपण खाऊचे पैसेच म्हणतो. खाऊ म्हणजे जेवण नव्हे, वरचं. ते थांबवता येतं, थांबवल्यानं कोणाचं बिघडत नाही.

‘आधी साठोबा, मग खाऊबा.’

डिझायनरचं म्हणणं, ‘खाओबा’ लिहू, म्हणजे पोटोबाशी जुळेल. मी नको म्हटलं. ‘खाओ’ दिसलं की मूल हिंदी वाचतं. ‘खाऊ’ हा शब्द डोळ्यांना अख्खा दिसला पाहिजे, मग पुढे नुसता ‘बा’ लागला तरी हरकत नाही.

१३ मे

बँकेत बैठक. साठोबावर व्यवस्थापक साहेब खूश. तेवढ्यात कर्ज विभागातले एक ज्येष्ठ साहेब म्हणाले, “साठोबा म्हणजे मी का? पुढच्या महिन्यात साठ लागताहेत.” सगळे हसले. पण तो विनोद नव्हता, ते निदान होतं.

‘साठ’ हा धातू म्हणून ऐकायचा की आकडा म्हणून, हे वाक्यावरून ठरतं, आणि इथे वाक्यच नाही, नुसता शब्द आहे. त्यात मागे ‘ओबा’ लागल्यानं तो ‘आजोबा’शी जुळतो, म्हणून ऐकणारा आणखीच साठीकडे झुकतो. आणि साठीकडे झुकला की पुढे ‘बुद्धी नाठी’ तयार असतेच. आम्ही बसलो होतो त्या खोलीच्या बाहेरच, काउंटरच्या वर, साठ वर्षांवरील ठेवीदारांना अर्धा टक्का जादा व्याजाचा फलक आहे. त्याच्या शेजारी ‘आधी साठोबा’ लावलं तर लोक आजोबांनाच घेऊन येतील.

बैठकीत पर्याय सुचवायची लाट आली. एकानं उत्साहात सांगितलं: “खातं आहे ना? मग खातोबा! आधी खातोबा, मग खाऊबा.”

कोणी काहीच बोललं नाही. मग शाखाधिकारी मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बँकेच्या दारावर ‘खातो’ लिहायचं?”

महाराष्ट्रात ‘पैसे खाल्ले’ याचा अर्थ सांगावा लागत नाही. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांच्या रांगा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिल्या. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याचं संरक्षण दर ठेवीदाराला एका बँकेत १ लाखावरून ५ लाखांवर गेलं, पण लोकांच्या लक्षात रांगा आहेत, विमा नाही. सहकारी बँकेला हा शब्द परवडणारा नाही. मी माझ्या वहीत मात्र खातोबाभोवती चौकट काढून ठेवली, कारण घोषवाक्य पाडायचं असेल तर ते असंच पाडायचं असतं. ज्याला तुमचा राग आहे तो हे वाक्य कसं म्हणेल, ते आपणच आधी म्हणून बघायचं.

१५ मे

‘ओबा’ कशाला लागतो याचा विचार केला. नागोबा, वाघोबा, चांदोबा, ससोबा. सगळी नामं, डोळ्यांसमोर उभी राहणारी. पोट हेही तसंच. साठवणं ही क्रिया, म्हणून साठोबा ओढूनताणून आणल्यासारखा वाटत होता. पोटाच्या जागी पोटासारखीच वस्तू हवी: पोकळ, भरणारी, मुलाच्या ओळखीची.

गल्ला.

‘आधी गल्लोबा, मग खाऊबा.’

म्हणून बघितलं. ‘पोटोबा’ आणि ‘गल्लोबा’ दोन्ही तीन अक्षरांचे आणि सहा मात्रांचे, त्यामुळे म्हणीचा ठेका जिथल्या तिथे राहतो. जोडाक्षरामुळे ‘गल्’वर आपोआप जोर येतो आणि कान नेमका तिथेच अडखळतो.

१९ मे

व्यवस्थापक साहेबांचा फोन. नाव आवडलं, पण पेच टाकला: “अहो, घरातला गल्ला हाच आमचा प्रतिस्पर्धी. पैसे गल्ल्यात राहिले तर बँकेत कशाला येतील?”

बरोबर आहे. यावर शब्दानं नव्हे, योजनेनंच उत्तर द्यावं लागेल. बँकेकडे पिग्मी एजंट आहेत. दुकानादुकानांतून रोजची रक्कम गोळा करणारी ही माणसं आमच्याकडे घरोघरी ओळखीची असतात. (पिग्मी ठेवीची कल्पना १९२८ ची, कर्नाटकच्या किनाऱ्यावरची, पुढे जी सिंडिकेट बँक झाली तिची.) मी सुचवलं की खातं उघडणाऱ्या मुलाला कुलपाचा पत्र्याचा गल्ला द्या, किल्ली शाखेत ठेवा. महिन्यातून एकदा मूल गल्ला घेऊन येईल, त्याच्यासमोर उघडा, नाणी त्याच्याकडूनच मोजून घ्या, पासबुकात नोंद करून द्या. म्हणजे गल्ला बँकेचा प्रतिस्पर्धी राहत नाही, बँकेचा रस्ता होतो. घोषवाक्याखाली पालकांसाठी लहान ओळ: ‘गल्लोबा भरला, की खात्यात.’

साहेब म्हणाले, पत्र्याच्या डब्यांचा खर्च काढून सांगतो. नाणी मोजायला कॅशियर कुरकुरतील, तेही म्हणाले.

२२ मे

सुट्टी आहे म्हणून वाड्यातली पोरं हाताशी. दोन गोष्टी तपासल्या.

पहिली: ‘आधी पोटोबा’ एवढंच म्हणून थांबायचं, पुढचं त्यांना म्हणू द्यायचं. आजीच्या घरात वाढणाऱ्या पोरांनी पटकन पुरं केलं. बाकीच्यांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणजे मूळ म्हण सगळ्यांना माहीत आहे असं धरता येणार नाही. मग त्यांनाच गल्लोबा ऐकवला तर मूळ म्हण माहीत नसलेलीही हसली. त्यांना वाघोबाच्या ओळीतला आणखी एक ‘ओबा’ भेटला, एवढं पुरलं. म्हणीवरची कोटी पालकांसाठी आणि नाव मुलांसाठी, असं काम आपसूक वाटलं गेलं आहे. साठोबानं हे कधीच केलं नसतं.

दुसरी: कानगोष्टी. पोरांना रांगेत बसवलं आणि पहिल्याच्या कानात वाक्य सांगितलं. शेवटच्याकडून आलं, ‘आधी गल्लोबा, मग काऊबा’. कुजबुजताना ‘ख’मधला श्वास गळून पडतो आणि चिऊकाऊतला काऊ तयारच असतो. पुन्हा केलं, पुन्हा काऊबा. गल्लोबा मात्र दोन्ही वेळा धडधाकट पोचला.

छापील पोस्टरला याचं काही नाही. पण रिक्षावरच्या भोंग्यातून वाजणार आहे, आणि भोंगा कुजबुजीपेक्षा फार चांगला नसतो.

२८ मे

बँकेच्या मार्केटिंगवाल्यांनी पोस्टरसाठी आणखी एक ओळ पाठवली: ‘तुमच्या चिमुकल्याचे पैसे झपाट्याने वाढवा!’ हिशेब करून पाठवला, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं तर चव नाही म्हणून नाक मुरडते असं वाटतं.

मूल दर आठवड्याला ५० रुपये टाकतं असं धरू. वर्षाचे २,६०० रुपये. बचत खात्याचं व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर मोजतात. पहिल्या आठवड्यात शिल्लक ५०, शेवटच्यात २,६००, सरासरी १,३२५ च्या आसपास. बँकेचा दर ३ टक्के. म्हणजे वर्षभराचं व्याज चाळीस रुपयांच्या आत.

‘झपाट्याने’ला यात जागा नाही. वर्षाअखेरीस मुलाच्या पासबुकात २,६३९ रुपये आणि काही पैसे दिसतील, त्यातले २,६०० त्यानं स्वतः टाकलेले. हे खातं पैसे वाढवत नाही, हातातून निसटू देत नाही. ‘आधी… मग…’ म्हणते ते एवढंच, म्हणून ती ओळ खरी आहे. मुलं वजाबाकी शिकलेली असतात, हेही मेलमध्ये लिहिलं.

मार्केटिंगवाल्यांनी त्यांची ओळ मागे घेतली.

३ जून

चित्रांचा पहिला संच. डिझायनरनं गल्लोबा गोलमटोल काढला, मातीच्या रंगाचा, डोक्यावर नाण्याची खाच, दोन्ही हात कमरेवर, पाय जुळवून एका विटेवर उभा. चित्र देखणं. मी बघितलं आणि फाइल बंद केली.

हात कमरेवर आणि पायाखाली वीट, म्हणजे तो कोण हे सांगायला नको. मूळ म्हणीतला विठोबा आपण शब्दांतून काढला आणि चित्रातून परत आणला, तोही गल्ला करून, पैशाची खाच पाडून. बँकेच्या शाखा लोणंद आणि फलटणला आहेत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात माउलींची पालखी त्याच रस्त्यानं जाणार, ६ जुलैला आषाढी. डिझायनरचं म्हणणं, लोकांना आवडेल, आपुलकी वाटेल. शक्य आहे. पण देवाच्या ठेवणीवर पैशाचा डबा बेतून आपुलकी मागायची नसते.

५ जून

संचालकांपैकी एक दरवर्षी वारी करतात. शब्दांबद्दल त्यांना मुद्दाम विचारावं असं ठरलं. मनात धाकधूक होती, कारण विठोबाच्या जागी खाऊबा बसला आहे, हे कोणी उलटंही वाचू शकतं.

त्या संचालक आजोबांनी दोनदा म्हणून बघितलं. “मूळ म्हणीत तरी विठोबाला दुसराच नंबर होता,” ते म्हणाले. “त्याला बाजूला ठेवलात, बरं केलंत. त्याला जाहिरातीत उभा केला असतात तर मी सही केली नसती.” मग विटेवरचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मान हलवली.

नवं चित्र: गल्लोबा मांडी घालून बसलेला, दोन्ही हात पोटावर, गाल फुगवलेले. पोटोबाची आठवण चित्रात राहिली, तिथेच ती शोभते.

१८ जून

शाळा सोमवारी सुरू झाल्या. एका प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गात छापील पोस्टर लावून, काही न सांगता, मधल्या सुट्टीनंतर विचारलं: हे काय करायला सांगतंय? बहुतेकांनी सांगितलं, आधी पैसे टाकायचे आणि मग खाऊ आणायचा. एका मुलीनं विचारलं, “सगळे टाकायचे का थोडे?”

याचं उत्तर घोषवाक्यात नाही आणि तिथे घालूही नये. मुलांना द्यायच्या पत्रकात घातलं: दहा रुपये मिळाले तर दोन गल्लोबाला, आठ खाऊबाला. प्रमाण मुद्दाम सैल ठेवलं. ‘निम्मे टाका’ म्हटलं तर पहिल्या आठवड्यातच गल्ला कपाटावर जातो. वर्गशिक्षिका म्हणाल्या, आमच्या वेळी शाळेत संचयिका होती, त्यात हेच असायचं, पण त्याला असं नाव नव्हतं.

२४ जून

रिक्षाचं ध्वनिमुद्रण. भोंग्यावर वाजवून, रस्त्याच्या पलीकडून ऐकलं. ‘काऊबा’ची भीती खरी ठरली. उपाय असा केला की ‘मग’नंतर क्षणभर थांबायचं आणि ‘खाऊ’ एकटा, लांबवून म्हणायचा, ‘बा’ मागून टाकायचा. ते बाईंच्या आवाजात नीट येईना. दहा-बारा वर्षांच्या एका मुलानं पहिल्याच खेपेला बरोबर म्हटलं, कारण तो ‘खाऊ’ खरोखर मागितल्यासारखा म्हणत होता.

फलटण आणि लोणंदमध्ये पालखी पुढे जाईपर्यंत भोंगा वाजवायचा नाही, असं ठरलं. मॅडमनीच सुचवलं.

४ जुलै

मोहीम सुरू. पत्र्याचे डबे आले, खाच थोडी अरुंद आहे, दहाचं नाणं तिरकं करून घालावं लागतं. पुरवठादाराला कळवलंय.

शाखेत तासभर बसले. एक आई काउंटरवर आली आणि म्हणाली, “ते गल्लोबाचं खातं उघडायचंय.” योजनेचं अधिकृत नाव तिनं घेतलं नाही. कारकुनानंही विचारलं नाही, थेट फॉर्म काढून दिला. मला बघायचं होतं ते एवढंच. लोकांनी घोषवाक्याचं कौतुक केलं तर त्याचा अर्थ फारसा काही नाही. त्यातला शब्द वापरून काही मागितलं, तर तो चालला.

मग तिच्या मुलानं फॉर्मचा मथळा मोठ्यानं वाचला: ‘अज्ञान व्यक्तीचे बचत खाते’. अकरा वर्षांचा असेल, स्वतः सही करायला आलेला. आईकडे बघून म्हणाला, “अज्ञान म्हणजे मी?”

कायद्याच्या मराठीत अठराच्या आतला तो अज्ञान, सातबाऱ्यावरही तसंच लिहितात. पण बाहेर भिंतीवर आपण त्याला गल्लोबाचा मालक म्हणतो आणि आत आल्यावर अज्ञान म्हणतो. मॅडमशी बोलले. आतल्या रकान्यांत तो शब्द राहील, तिथे त्याला कायदेशीर अर्थ आहे. मथळा मात्र बदलता येईल असं त्या म्हणाल्या, मुख्य कार्यालयाची मंजुरी लागेल. ‘बालबचत खाते’ असा मथळा टाकून नमुना आज पाठवला. जुने फॉर्म गठ्ठ्यानं शिल्लक आहेत, तोवर त्यांच्या मथळ्यावर चिकटवायला गल्लोबाचे स्टिकर छापायला टाकले आहेत.